रजेच्या अर्जातल्या चार ओळी



आजचा विषय आपल्याकडे हळू आवाजातच बोलला जातो. पोटातलं बाळ राहिलं नाही, तर घरातल्या बायका जवळ बसतात, डोक्यावरून हात फिरवतात. पण नोकरी करणाऱ्या बाईला त्याच दिवशी आणखी एक काम असतं, ते म्हणजे ऑफिसला कळवणं. काय लिहायचं, कुणाला लिहायचं आणि किती लिहायचं, हे तिला कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या वेळी मी अर्जात ‘घरगुती अडचणीमुळे काही दिवस रजा मिळावी’ असं लिहिलं. वाटलं, झाकली मूठ राहील. झालं उलटंच. ‘घरगुती अडचण’ म्हटल्यावर कुणी सासूबाईंची तब्येत विचारली, तर कुणाला वाटलं घरात भांडण झालं. ‘काही दिवस’ म्हटल्यामुळे तिसऱ्या दिवसापासून ‘कधी येताय?’ म्हणून फोन सुरू झाले. शेवटी कंटाळून मी एकीला सांगितलं, कावीळ झाली आहे. मग काय, उसाचा रस प्या, अमुक गावचं औषध घ्या. कामावर गेले तरी महिनाभर माझ्या डब्यात तेल किती, हे बघणं चालूच होतं. रोज नवं खोटं बोलावं लागे. आपलं सत्याचं अणुव्रत डोळ्यांपुढे यायचं आणि रडू यायचं ते वेगळंच. त्यात मी बाराव्या दिवशीच कामावर गेले आणि ते सगळे दिवस माझ्या स्वतःच्या शिल्लक रजेतून गेले. मला सहा आठवड्यांची पगारी रजा हक्काने मिळाली असती, हे कळलं पुढे कितीतरी वर्षांनी.

म्हणून 2024 च्या जूनमध्ये माझ्या भाचीवर तीच वेळ आली, तेव्हा मी वही घेऊनच तिच्याकडे गेले. ती एका पतसंस्थेत ठेव विभागात आहे. तिसरा महिना चालू होता, ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. 9 जूनला, रविवारी, सगळं संपलं. सोमवारी सकाळी तिने मोबाईलवर लिहिलेला मजकूर मला दाखवला. “मावशी, एवढं पुरे ना?”

एवढं म्हणजे चांगली पंधरा ओळी होती. तिसरा महिना होता, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, डॉक्टर काय म्हणाले, मला खूप वाईट वाटतंय, ऐन कामाच्या वेळी अडचण होते आहे त्याबद्दल माफ करा, जमेल तितक्या लवकर येते. मी तिला म्हटलं, “प्रत्येक ओळ वाच आणि ती वाचून साहेब काय विचारतील ते सांग.” तिचं तिलाच दिसलं. कारण लिहिलं की ‘असं कशामुळे झालं?’ हा प्रश्न येतो. माफी मागितली की समोरच्याला धीर देण्यासाठी फोन करावासा वाटतो. ‘जमेल तितक्या लवकर’ लिहिलं की ‘म्हणजे सोमवारी येता का?’ हे ओघानेच आलं.

मग आम्ही कामाचे दोन भाग केले. पगारी रजेसाठी पुरावा द्यावा लागतो, म्हणून ऑफिसातल्या कुणाला तरी खरं कारण कळणारच. पण ते कळायला हवं फक्त रजेची नोंद ठेवणाऱ्या माणसाला. शाखाधिकाऱ्यांना हवं असतं ते वेगळं. ही किती दिवस नाही, हिचं काम कोण बघणार, अडलं तर काय करायचं. म्हणून दोघांना दोन वेगळे कागद.

शाखाधिकाऱ्यांचा कागद असा झाला :

“वैद्यकीय कारणास्तव, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मी 10 जून ते 21 जुलै 2024 रजेवर आहे व 22 जुलै रोजी कामावर रुजू होईन. आवश्यक प्रमाणपत्र आस्थापना विभागाकडे दिले आहे. माझ्याकडील मुदत ठेवींच्या नोंदींची यादी सोबत जोडली आहे. कामासंबंधी काही असल्यास लिहून कळवावे, या काळात फोन घेता येणार नाही. रजा मंजूर व्हावी, ही विनंती.”

‘वैद्यकीय कारणास्तव’ आणि ‘घरगुती अडचण’ दोन्ही मोघमच वाटतात, पण फरक मोठा आहे. अडचणीला लोक मदत करायला येतात. वैद्यकीय कारणापुढे ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ आलं की तिथे दुसऱ्याने सल्ला देण्यासारखं काही उरत नाही. ‘प्रमाणपत्र दिले आहे’ म्हटल्यावर खरं की खोटं हा प्रश्नही मिटतो. आणि यात एक अक्षर खोटं नाही. सगळं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. हित, मित आणि प्रिय बोलावं असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातलं ‘मित’ मला त्या दिवशी नीट कळलं.

दुसरा कागद आस्थापना विभागाच्या प्रमुखांच्या नावाने, बंद पाकिटात :

“दि. 9 जून 2024 रोजी माझा नैसर्गिक गर्भपात झाला. मातृत्व लाभ अधिनियम, 1961 च्या कलम 9 नुसार 10 जूनपासून सहा आठवड्यांची पगारी रजा मिळावी. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे. ही माहिती रजेच्या नोंदीपुरतीच वापरावी व अन्य कुणास देऊ नये, ही विनंती.”

तारखा मोजताना एक लक्षात ठेवा. सहा आठवडे घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, अर्ज दिला त्या दिवसापासून नव्हे. 10 जून ते 21 जुलै असे बरोबर 42 दिवस होतात. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे, त्यामुळे नव्या अर्जात तिचं नाव लिहायचं. सहा आठवडे मात्र तसेच आहेत. त्यानंतरही त्याच कारणाने दुखणं राहिलं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मागता येते. 26 आठवड्यांपर्यंत गर्भ गेला तर ही रजा. त्यानंतर झालेली प्रसूती ही प्रसूतीच धरली जाते, बाळ मृत जन्मलं तरीही, आणि मग बाळंतपणाच्या रजेचा नियम लागू होतो.

आता प्रमाणपत्राविषयी सांगते, कारण घोटाळा बहुतेक तिथेच होतो. भाची दवाखान्याचं डिस्चार्ज कार्डच जोडायला निघाली होती. त्या कार्डावर कितवी खेप, तपासण्या, औषधं, सगळं असतं. ऑफिसला त्यातलं काही लागत नाही. डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र मागून घ्यावं. त्यात नाव, तारीख, काय झालं ते एका ओळीत आणि विश्रांतीचा काळ, एवढंच असावं.

ती एक ओळही वाचून घ्यावी. आपोआप गर्भ गेला तरी वैद्यकीय भाषेत त्याला ‘स्पाँटेनियस अबॉर्शन’ म्हणतात. डॉक्टरांच्या दृष्टीने त्यात काहीच वावगं नाही. पण कागद हाताळणाऱ्याला पहिला शब्द कळत नाही, दुसरा तेवढा कळतो. मराठीत तर ‘गर्भपात’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. जीवदयेच्या घरातल्या मुलीविषयी ‘तिने पाडलं’ अशी कुजबुज झाली, तर ते दुःख मूळ दुःखाहून वेगळं आणि तितकंच जड असतं. भाचीच्या प्रमाणपत्रावर तेच दोन शब्द होते. आम्ही डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्यांनी दोन मिनिटांत ‘मिसकॅरेज’ असं लिहून नवं प्रमाणपत्र दिलं. मागायला लाजू नका. आणि हेही सांगते, डॉक्टरी सल्ल्याने गर्भ काढावा लागला असेल तरी कायद्यात तेवढीच रजा आहे. कारण काय, हे ऑफिसला सांगावं लागत नाही.

जूनच्या अखेरीला, सहामाहीची कामं निघाली तेव्हा, शाखाधिकाऱ्यांचा निरोप आलाच. ‘दोन दिवस येऊन गेलात तर बरं होईल.’ भाचीचा जीव खाली-वर झाला. नाही म्हटलं तर राग येईल, असं तिला वाटलं. आम्ही एक ओळ पाठवली : ‘या रजेच्या काळात काम करण्यास कायद्यानेच मनाई आहे, यादीतील काही समजत नसल्यास लिहून कळवावे, मी उत्तर देईन.’ आणि ते खरंच आहे. या सहा आठवड्यांत मालकाने जाणूनबुजून काम द्यायचं नाही आणि बाईनेही करायचं नाही, असं 1961 च्या कायद्याचं कलम 4 सांगत होतं. पुन्हा निरोप आला नाही.

जुलैचा पगार झाल्यावर मी तिला पगारपत्रक आणि रजेचा हिशोब बघायला लावलं. तिच्या नावावरच्या वैद्यकीय रजेतून तीस दिवस वजा झाले होते. कारकुनाने ‘वैद्यकीय’ शब्द पाहून नेहमीच्या रकान्यात नोंद केली होती. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पण पाहिलं नसतं तर ते दिवस गेलेच असते. आस्थापना विभागाला तिने दुसऱ्या कागदाची प्रत दाखवली आणि पुढच्या महिन्यात नोंद दुरुस्त झाली. म्हणून दोन्ही कागदांच्या प्रती पोचेच्या सहीसकट घरी ठेवाव्यात.

22 जुलैला ती कामावर गेली. आदल्या रात्री तिने फोन केला, “मावशी, कुणी विचारलं तर?” मी म्हटलं, एकच वाक्य ठरवून ठेव आणि सगळ्यांना तेच सांग. तिने ठरवलं, ‘तब्येतीची रजा होती, आता ठीक आहे.’ आणि लगेच पुढे कामाचं काहीतरी विचारायचं. पहिल्या दिवशी ते पाच वेळा म्हणावं लागलं, दुसऱ्या दिवशी दोनदा, नंतर नाही.

एका मैत्रिणीला मात्र तिने आपणहून, डबा खाताना, सगळं सांगितलं. तिच्याही बाबतीत दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तिने अर्जात पित्ताशयाचं ऑपरेशन लिहिलं होतं आणि अजूनही तिला लोक तेलकट खाऊ देत नाहीत. भाची सांगत होती, दोघी आधी रडल्या आणि मग खूप हसल्या.