युरोपियमचं शून्य

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत गुई बॅलन्सवर दोन पांढरट भुकट्या मोजायला मिळाल्या होत्या. एक डिस्प्रोसियम ऑक्साइड आणि दुसरी युरोपियम ऑक्साइड. काचेच्या नळीत भुकटी भरायची, नळी तराजूच्या दांडीला टांगायची, चुंबक बंद असताना आणि चालू असताना वजन घ्यायचं. भुकटी सैल-घट्ट भरली गेली तर आकडे फसवतात, म्हणून नळी लाकडावर हलकेच आपटत थोडी थोडी भरायची. आधी तीच नळी निळ्या पारा-कोबाल्ट थायोसायनेटने प्रमाणित केलेली होती.

हिशोब आम्ही आदल्या दिवशीच करून ठेवला होता. संक्रमण धातूंसाठी नुसते सुटे इलेक्ट्रॉन मोजले की काम भागतं. लँथॅनाइडमध्ये तसं चालत नाही. 4f इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आत दडलेले असतात, शेजारच्या अणूंचा धाक त्यांना फारसा पोचत नाही. त्यामुळे स्पिन S आणि कक्षीय संवेग L यांची सांगड टिकते आणि एकूण कोनीय संवेग J धरावा लागतो. डिस्प्रोसियमच्या आयनात नऊ f इलेक्ट्रॉन; हुंडच्या नियमांनी S = 5/2, L = 5. कवच अर्ध्याहून जास्त भरलेलं, म्हणून दोन्हींची बेरीज, J = 15/2. मग

g = 3/2 + [S(S+1) − L(L+1)] / 2J(J+1)

या सूत्रात 3/2 मधून 1/6 वजा होतो आणि g येतो 4/3. चुंबकीय परिबल म्हणजे g√[J(J+1)], ते 10.65 बोर मॅग्नेटॉन. आमचं मोजमाप आलं 10.5. आम्ही दोघी खूश झालो.

युरोपियमच्या आयनात सहा f इलेक्ट्रॉन. S = 3, L = 3. इथे कवच अर्ध्याहून कमी भरलेलं, म्हणून वजाबाकी, J = 0. परिबल शून्य. g काढायला गेलो तर छेदातच शून्य. तरीही चुंबक चालू केल्यावर नळी खाली ओढली गेली. आकडा आला 3.4. नुसत्या स्पिनचं सूत्र 6.93 सांगत होतं, तेही जुळेना.

मैत्रीण म्हणाली, "भेसळ असणार." शंका रास्त होती. गॅडोलिनियमचं परिबल 7.94, थोडं मिसळलं तरी आकडा चढतो. सरांनी एवढंच विचारलं, "किती मिसळलं तर 3.4 येईल, काढलंत का?" परिबलांचे वर्ग करून भागाकार केला: 11.6 भागिले 63, म्हणजे जवळजवळ 18 टक्के. बाटलीवर शुद्धता 99.9 टक्के लिहिलेली होती. भेसळीचा मुद्दा तिथेच संपला.

मग सरांनी ऊर्जेच्या पातळ्या काढून दाखवल्या. J = 1 ही पातळी J = 0 पेक्षा फक्त 370 सेंमी⁻¹ वर आहे, आणि खोलीच्या तापमानाची ऊर्जा सुमारे 208. म्हणजे साधारण एक तृतीयांश आयन वरच्या पातळीत बसलेले. पुस्तकात बहुधा इथेच थांबतात. मी घरी येऊन गणित पुढे नेलं. वरच्या पातळ्यांत g = 3/2; त्या आयनांचा सगळा वाटा धरला तरी परिबल जेमतेम 1.3. उरलेलं कुठून येतं?

चुंबकीय क्षेत्रच J = 0 च्या अवस्थेत J = 1 चा अंश मिसळवतं. पातळ्या जवळ असल्या की ही मिसळण मोठी होते. 3.4 चा मोठा वाटा तिचा आहे. 1929 मध्ये व्हॅन व्लेक आणि अमेलिया फ्रँक यांनी ही पदं हिशोबात धरली, तेव्हा युरोपियम जुळलं आणि समॅरियमही. त्याचं साध्या सूत्राने 0.85 येतं, मोजल्यावर 1.5 च्या पुढे. डिस्प्रोसियममध्ये पुढची पातळी हजारो सेंमी⁻¹ वर आहे, म्हणून तिथे साधं सूत्र पुरतं. सूत्र वापरण्याआधी पातळ्यांमधलं हे अंतर पाहावं, एवढं मी आता माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

पडताळा काही वर्षांनी घेता आला. भेसळ असती तर थंड केल्यावरही परिबल 3.4 च्याच आसपास राहिलं असतं. मिसळणीतून आलेली ग्रहणशीलता मात्र थंडीत वाढत जात नाही, एका किमतीवर ठरते, आणि त्यामुळे परिबल उतरतं. द्रव नायट्रोजनमध्ये, 77 केल्विनला, त्याच ऑक्साइडचं परिबल 1.9 च्या आसपास आलं.