आभाराला तपशील हवा

नोकरीला लागलो तेव्हा सॉफ्टवेअर टेस्टिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बग कसा नोंदवायचा हे आमच्या टीम लीड मॅडमनी शेजारी बसवून शिकवलं: काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. विशेषणं नकोत, कुणावर ठपका नको. ‘वाचणाऱ्याला पुढचं काम करता आलं पाहिजे,’ असं त्या म्हणत.

पुढे पुण्यातच दुसऱ्या कंपनीत टेस्ट लीडची जागा मिळाली. नोटीस पीरियड संपला, रिलीव्हिंग लेटर हातात आलं, नव्या जागी रुजू झालो आणि मगच लिंक्डइनवर लिहायला बसलो. प्रोफाइलमध्ये नवं पद भरताना ‘Notify network’ बंद ठेवलं, म्हणजे माझे शब्द लिहून होण्याआधी बातमी फुटणार नव्हती.

लिहिताना मॅडमचीच शिस्त हाताशी होती. ‘अखेर मनासारखी संधी मिळाली’ हे वाक्य सुचलं; पण मी सोडलेल्या खुर्चीशेजारी अजून बसणारे ते वाचणार होते. ‘अखेर’ म्हटलं की मधली सगळी वर्षं अडकून पडल्यासारखी वाटतात. ‘कठोर निवडप्रक्रियेतून’ हेही गाळलं; निवड झाल्याचं पदावरून कळतंच. क्लायंटचं नाव आणि कामाचे आकडे माझ्या मालकीचे नव्हते, तेही वगळले.

फोनवर पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून बातमी आणि कृतज्ञता तिथेच एकत्र आणली. इंग्रजी मजकुराचा मराठी अर्थ असा: ‘या आठवड्यात मी टेस्ट लीड म्हणून नव्या कंपनीत रुजू झालो. हे काम मला आधीच्या टीमने शिकवलं. बग नोंदवताना माणसाकडे बोट न दाखवता घटना लिहायची, हे मी माझ्या टीम लीडकडून शिकलो. रिलीजच्या रात्री सोबत थांबलेल्या सहकाऱ्यांचाही मी ऋणी आहे. इथे पेमेंट ॲपच्या टेस्टिंगचं काम पाहणार आहे.’

‘सगळ्यांचे आभार’ म्हटलं की ते कुणालाच पोचत नाहीत. काय शिकलो हे सांगितलं की ज्याचं त्याला पोचतं. जुन्या कंपनीचा अनुभव कडू असेल, तर खोटी स्तुती करू नये आणि उणंदुणंही काढू नये. ज्या एका माणसाने हात दिला, त्याच्याविषयी खरं तेवढं लिहावं.

टाकण्यापूर्वी मसुदा मॅडमना पाठवला. त्या म्हणाल्या, ‘छान आहे. फक्त मला टॅग करू नकोस. टीममधून माणूस नुकताच गेलाय, अभिनंदन माझ्या नावावर यायला नको.’ टॅग काढला. त्यांच्याविषयीचं वाक्य मात्र त्यांनी राहू दिलं, आणि माझ्या दृष्टीने ती पोस्ट त्या वाक्यासाठीच होती.