विहीर चालत नाही, ठिपका चालतो

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे. पण वाचा, कारण यात माझीही चूक आहे.

ऑक्टोबरात माझ्याकडे एक बातमी तयार होती. मथळाही सुचला होता, 'वाडीची विहीर खासगी बागेत गिळली'. पुरावा म्हणून मोबाईलवरचा नकाशा होता. वाडीतल्या चौदा घरांची सार्वजनिक विहीर त्यात शेजारच्या बागायतदाराच्या गडग्याच्या आत, चांगली पंधरा मीटर आत दिसत होती. बागायतदार मुंबईला आणि घरात एकटी त्याची आई. बातमी छापून आली असती तर गावात काय झालं असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गडग्याच्या वीतभर जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरं आपल्याकडे आहेत.

नकाशा केला होता माझ्या भाचीने. ती भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून गावातल्या विहिरींची नोंद करत होती: खोली, पाण्याची पातळी, कठडा आहे की नाही, वापर कोणाचा, आणि मोबाईलच्या जीपीएसवरून जागा. एकतीस विहिरी झाल्या होत्या. ही यादी ग्रामपंचायतीला देणार होती, म्हणजे गाळ काढायच्या कामात कुठल्या विहिरी घ्यायच्या ते ठरवायला उपयोग. विहीर खासगी जागेत दिसली तर ती यादीतून बाहेर. म्हणजे चौदा घरांचं पाणी त्या एका ठिपक्यावर.

बातमी पाठवायच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा, थांब जरा. वहाळाकडची दुसरी विहीर नकाशात वहाळाच्या मधोमध दिसतेय. ती तर मी काठावर उभी राहून नोंदवली होती. काहीतरी गडबड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वाडीवर गेलो. विहीर जांभ्याची, जुनी. वर फणस, बाजूने पोफळी आणि माड, मागे डोंगर. पाऊस नुकताच ओसरलेला, पानं ओली. भर दहा वाजता तिथे सावली इतकी की मोबाईलचा पडदा लख्ख दिसत होता. तिने कठड्यावर मोबाईल ठेवला आणि ॲपला दहा मिनिटं वाट नोंदवत ठेवलं. मोबाईल जागचा हलला नाही. पण नकाशावर कोळ्याने जाळं विणावं तशी रेघ उमटली. ठिपका गडग्याच्या आत गेला, बाहेर आला, रस्त्याकडे सरकला, परत आत.

तेवढ्यात बागेतली म्हातारी गडग्यावरून बघत होती. काय चाललंय ते विचारलं, आम्ही सांगितलं. म्हणाली, "बाव काय चलता रे? माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून ती हयच आसा." मला त्या क्षणी खिशातली बातमी जड झाली.

आता हे होतं का, ते भाचीने मला समजावलं तसं सांगतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर वर असतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून मोबाईल प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो, आणि निदान चार अंतरं मिळाली की जागा ठरवतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्यामुळे एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाचा उशीर झाला तरी अंतर तीन मीटरने चुकतं. उघड्या मळ्यात संदेश सरळ येतो. दाट झाडीत ओली पानं आधीच क्षीण असलेला संदेश आणखी क्षीण करतात, आणि काही संदेश खोडांवर, डोंगराच्या कडेवर आपटून लांबच्या वाटेने येतात. मोबाईलला ते कळत नाही. तो लांबची वाट खरी धरतो. वर डोंगराने अर्धं आकाश झाकलेलं, म्हणजे त्या बाजूचे उपग्रह दिसतच नाहीत.

मी विचारलं, "मग दहा मिनिटांची सरासरी काढ ना." ती म्हणाली, "थोडा फायदा होतो, पण फसवतं पण. दहा मिनिटांत उपग्रह फारसे हलत नाहीत, तोच डोंगर, तीच खोडं, म्हणून चूक एकाच बाजूला ओढते. तासा-दोन तासांनी परत येऊन घेतलं तर वेगळी चूक मिळते. तेव्हा सरासरीला अर्थ."

आम्ही मग वेगळं केलं. विहिरीपासून जवळचा उघडा मळा शोधला. त्याच्या मेरेवर आकाश मोकळं होतं, ॲपवर अचूकता चार मीटर दाखवत होती. तिथला ठिपका घेतला. मग टेप लावून विहिरीपर्यंत सरळ मोजलं. तीस मीटरची टेप एकदा पूर्ण आणि पुढे बारा मीटर, एकूण बेचाळीस. होकायंत्राने दिशा घेतली, उत्तरेपासून पूर्वेकडे साठ अंश. होकायंत्र धरताना लोखंडी रहाटापासून लांब उभं राहायचं, नाहीतर सुई बहकते. बेचाळीस मीटर साठ अंशांवर म्हणजे पूर्वेला ३६ मीटर आणि उत्तरेला २१ मीटर. मळ्यातल्या ठिपक्यात तेवढं मिळवलं, आणि विहीर नकाशात आली गडग्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला आठ मीटरवर. डोळ्यांनी दिसत होती तिथेच. पहिला ठिपका २३ मीटर चुकला होता.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशीही ॲपने अचूकता नोंदवली होती, १४ मीटर. पण तो मोबाईलचा स्वतःचा अंदाज. अँड्रॉईडमध्ये त्याचा अर्थ असा की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता शंभरात अडुसष्ट. म्हणजे साधारण तीनदा मोजलं तर एकदा जागा वर्तुळाबाहेर. आणि दशांश चिन्हापुढे सहा आकडे दिसले म्हणून फसू नका. सहावा आकडा म्हणजे अकरा सेंटिमीटर. झाडाखाली मोबाईलला तेवढं कळतच नाही.

नकाशाखालचा उपग्रह फोटोही थोडा सरकलेला असू शकतो. म्हणून तिने देवळाच्या उघड्या कोपऱ्यावर उभं राहून ठिपका घेतला आणि फोटोतल्या कोपऱ्याशी ताडला. फरक तीन मीटर, चालण्यासारखा. एकतीसपैकी नऊ विहिरी झाडीत होत्या, त्या सगळ्या टेपने परत केल्या. तक्त्यात दोन रकाने वाढले, 'अचूकता' आणि 'ठिपका कसा घेतला'.

एक मात्र ध्यानात ठेवा. टेपने काढलेल्या जागेतही मळ्यातल्या ठिपक्याची चार-पाच मीटरची चूक राहतेच. विहीर यादीत घ्यायला ते पुरतं, हद्दीचा वाद मिटवायला नाही. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

बातमी मी फाडली. पुढच्या आठवड्यात मी त्या काकींकडे चहा पिऊन आलो, पण काय लिहिलं होतं ते सांगायचा धीर झाला नाही. आज इथे सांगतो आहे.

तुमच्या गावात कोणी नकाशा दाखवून 'बघा, तुमची विहीर त्यांच्या जागेत' म्हणालं, तर आधी दोन प्रश्न विचारा. ठिपका घेतला तेव्हा वर आकाश दिसत होतं का? आणि अचूकता किती मीटर होती?