पाठमोरा फोटो

दहावीत गणित राहिलं आणि बापानं मला बिडकीनच्या फाट्यावरून एस.टी.त बसवलं. औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या बोळात एक लेडीज टेलर होते, त्यांच्याकडं शिकायला. आता शहराचं नाव बदललंय, पण माझ्या आठवणीत ते औरंगाबादच आहे. साल १९९५. पगार नाही, दोन वेळचा चहा, दुपारची भाकर आणि झोपायला दुकानाचा माळा. उस्तादांना मी उस्तादच म्हणायचो. पहिलं वर्षभर माझ्या हाती कात्री आली नाही. काज करायचे, हुक लावायचे, गळ्याच्या पट्टीला हातशिलाई घालायची आणि उस्ताद माप घेत असताना वहीत आकडे लिहायचे, एवढंच काम.

त्या वर्षी सगळ्या बायकांना एकच ब्लाऊज पाहिजे होता. ‘हम आपके है कौन’ येऊन गेला होता आणि त्यातल्या जांभळ्या साडीवरच्या माधुरीच्या पाठीनं गावोगावच्या शिंप्यांची झोप उडवली होती. बाया मासिकातलं पान फाडून आणायच्या. उस्ताद पान बघायचे, बाईकडं बघायचे आणि म्हणायचे, “हो जाएगा.” मग ट्रायलला कुणी रडायची, कुणी पैसे न देता जायची. कारण कागदावरची पाठ माधुरीची आणि आरशातली आपली.

एका दुपारी एक ताई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, वय पस्तिशीचं. भाच्याच्या लग्नासाठी मोरपंखी रेशमाचा पीस घेतलेला, ऐंशी सेंटीमीटर. चुकला तर दुसरा मिळायचा नाही. पिशवीत मापाचा जुना ब्लाऊज आणि मासिकाचं तेच पान. उस्ताद नमाजाला गेले होते. ताई पान पुढं करायच्या, परत घडी घालायच्या.

“मला कसं दिसंल रे हे?” त्यांनी शेवटी विचारलं.

मी काय सांगणार? पण त्यांनी पैसे काढायला पर्स उघडली तेव्हा आतून एक फोटो खाली पडला. भावाच्या लग्नातला. मंगलाष्टकं चाललेली, ताई कॅमेऱ्याकडं पाठ करून उभ्या, अंबाड्यावर गजरा, उजवा हात अक्षता टाकायला वर. आणि अंगात तोच मापाचा ब्लाऊज.

“ताई, ह्याच्यावरच काढून दाखवू का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

कशिद्याचे छाप उतरवायला दुकानात बटर पेपर असायचा. तो फोटोवर ठेवला, दोन टोकांना टाचण्या लावल्या, फोटोच्या बाहेरून, भोक पडू नये म्हणून. आधी मान, खांदे, काखा, कंबर एवढीच रेघ उतरवली. मग टेप लावला. फोटोत या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पावणेदोन इंच भरलं, म्हणजे चौदा सूत. वहीत ताईंचा खांदा चौदा इंच. मी हरखलो. फोटोतलं एक सूत म्हणजे अंगावरचा एक इंच! गणितात नापास झालेल्या पोराला देवानं इतका सोपा हिशोब दिला.

मासिकातल्यासारखा गळा काढला, खांद्यापासून खाली दहा सूत. खाली फक्त पट्टी राहिली. डावीकडं पदर होता, तिथला गळा मी कोराच ठेवला, कारण नेसल्यावर ती बाजू झाकलेलीच राहते. बायकांच्या हे ध्यानात येत नाही. मासिकातली बाई पदर सारून उभी असते. मग लाल पेन्सिलीनं ब्लाऊज भरला, वर गोंड्याची नाडी काढली.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. मासिकाच्या पानाकडं त्यांनी परत पाहिलं नाही. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि गळ्याची रेघ वर आणली. दोन सूत. “इथपर्यंत,” एवढंच बोलल्या.

मला वाटलं, सासूची भीती असेल.

उस्ताद आले. मी शिव्यांच्या तयारीत होतो. त्यांनी बटर पेपर उजेडाला धरला, फोटो पाहिला आणि विचारलं, “पैमाना कैसे निकाला?” मी खांद्याचा हिशोब सांगितला.

“गधे, हात वर है उसका.”

मग त्यांनी समजावलं. हात वर गेला की खांदा आत सरकतो, फोटोत खरा चौदा इंच दिसतच नाही. तेव्हा न हलणारी वस्तू धर. फोटोतला ब्लाऊज समोर पडलाय ना? त्याची पाठीची उंची टेपनं चौदा इंच. फोटोत उजव्या बाजूनं, खांद्याच्या शिलाईपासून खालच्या कडेपर्यंत, मोजली तर पंधरा सूत भरली. म्हणजे एक सूत पुरा इंच नव्हता, जरा कमीच होता. ताईंचा आठ सुतांचा गळा अंगावर साडेसातच इंच बसत होता. माझ्या हिशोबानं आठ कापला असता तर अर्धा इंच खोल गेला असता. “अर्धा इंच कपडे में कुछ नहीं. बदन पे बहुत है,” उस्ताद म्हणाले.

आणखी एक गोष्ट फोटो सांगत नव्हता. मागचा गळा खोल केला की खांदे घसरतात, कारण त्यांना पाठीमागून धरून ठेवणारं कापडच उरत नाही. म्हणून उस्तादांनी गळ्याची रुंदी सात इंचाऐवजी सहा ठेवली, पुढचा गळा सहा इंचाच्या खाली जाऊ दिला नाही आणि नाडी खांद्याजवळच लावली. नाडी तिथं शोभेला नसते, खांदे आत ओढायला असते. आणि कापताना गळा सातच इंच कापला. “कापलेलं जोडता येत नाही, ठेवलेलं कापता येतं. बाकीचा ट्रायलला.”

बायकांची ट्रायल पडद्यामागं उस्तादांच्या घरच्या चाची बघायच्या. त्या दिवशी त्या अर्ध्या इंचाची खडूची खूण करून बाहेर आल्या आणि ताई गेल्यावर हळूच बोलल्या, “बच्ची की पीठ पे जले का निशान है. गले के ठीक नीचे छुप गया.”

उस्ताद काही बोलले नाहीत. मी हुक लावत होतो, सुई बोटात गेली.

त्या बाईला माधुरीचा ब्लाऊज मनापासून घालायचा होता. पण परक्या पुरुषाला पाठीवरचा डाग सांगायचा कसा? मासिकाच्या पानावर तो दाखवता येत नव्हता. स्वतःच्या फोटोवर मात्र दोन सुतांची रेघ ओढून तिनं तो सांगितला, आणि कुणाला कळलंही नाही.

ब्लाऊज न्यायला आल्या तेव्हा ताईंनी फोटोबरोबर तो बटर पेपरही मागून घेतला. जाताना मला म्हणाल्या, “गणित परत दे बरं का.” मी मार्चला दिलं. पस्तीस मार्क पडले.

त्या संध्याकाळी उस्तादांनी एक अस्तराचा तुकडा आणि कात्री माझ्यापुढं सरकवली. नंतर खोल गळ्याची बाई आली की ते विचारायचे, “पीठ का फोटो है क्या?” बाया हसायच्या. पाठमोरा फोटो कुणाकडंच नसायचा.