तारखेच्या आकड्याखाली दडलेले शिंग

१/ आजचा धागा एका वीरगळाचा आहे आणि त्याच्यावर उमटलेल्या नारिंगी तारखेचाही. सातारा जिल्ह्यातील माझ्या आजोळी, मंदिराच्या आवारात हा वीरगळ उभा आहे. आज त्याच्यावर तैलरंगाचे इतके थर चढले आहेत की खालच्या पट्टातील मूर्ती ओळखू येत नाहीत. रंग लागण्यापूर्वीचे त्याचे एकच छायाचित्र आमच्या घरात उरले आहे. ते मामाने यात्रेच्या दिवसांत काढले होते. मध्यभागी मामी आणि तिच्या कडेवर माझा मावसभाऊ, उजव्या कडेला अभावितपणे आलेला वीरगळ, आणि त्याच्या खालच्या पट्टावर चमकणारे आकडे: '94 4 17.

२/ वीरगळाचे पट्ट खालून वर वाचतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. तळाशी वीराचा संग्राम व मृत्यू, मध्ये त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाच्या पट्टात गाई कोरलेल्या असतील, तर तो वीर गोधन राखताना पडला असे आपण म्हणतो. माझ्या प्रबंधातील एक परिच्छेद नेमका या प्रश्नावर अडला होता: वीराच्या पाठीमागे जनावरे आहेत की केवळ शत्रूची पावले? आणि तारीख नेमकी तिथेच बसली होती.

३/ पहिला प्रयत्न मी सर्वांप्रमाणेच केला. छायाचित्र दुरुस्त करण्याचा ब्रश घेतला आणि आजूबाजूचा दगड आकड्यांवर ओढला. दहा मिनिटांत तारीख नाहीशी झाली आणि पट्टात एक शिंगासारखी रेघ दिसू लागली. आनंदाने मार्गदर्शक बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अगं, हे शिंग दगडावर आहे की तुझ्या माऊसच्या टोकावर?" मला उत्तर देता आले नाही. तो ब्रश खालचा तपशील शोधत नसतो; शेजारचा तुकडा आणून खड्डा बुजवतो. घरगुती आल्बमला ते चालते. पुराव्याला चालत नाही.

४/ मग प्रश्न उरला तो हा की तारखेखाली काही शिल्लक असते का. त्यासाठी ती तारीख उमटते कशी, हे पाहावे लागते. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांच्या मागील झाकणात एक चिमुकला दिवा आणि आकड्यांची पट्टी असे. फोटो निघताच तो दिवा फिल्मच्या पाठीमागून आकडे उमटवी. रंगीत फिल्मवर तीन संवेदनशील थर असतात: भिंगाच्या बाजूने आधी निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा, मग हिरव्याला आणि सर्वांत तळाशी, पाठीला लागून, लाल प्रकाशाला. मागून येणारा तांबूस प्रकाश प्रथम लाल थरावर पडतो, हिरव्यावर काही अंशी पोहोचतो आणि निळ्यावर जवळजवळ पोहोचतच नाही. नारिंगी रंगाचे रहस्य हेच: भरपूर लाल, थोडा हिरवा.

५/ म्हणजे ती तारीख दृश्य झाकत नाही. दृश्याच्या प्रकाशात आपला प्रकाश मिसळते, तोही असमान. त्यामुळे लाल थरातील नोंद बुडाली तरी निळ्या थरातील नोंद वाचलेली असू शकते. तीच आपली साक्षीदार.

६/ साक्षीदाराला सुस्थितीत आणायचे असेल, तर प्रतिमा योग्य रीतीने स्कॅन व्हायला हवी. मामाने आधी फोनने काढलेला फोटो पाठवला होता, तो निरुपयोगी ठरला. जेपेग स्वरूपात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळपणे साठवली जाते. त्यामुळे आकड्यांच्या कडा निळ्या चॅनेलमध्येही झिरपतात. मूळ प्रत मागवून मी ती ६०० पीपीआयवर, प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून, टिफ स्वरूपात स्कॅन केली. स्कॅनरची आपोआप रंग सुधारणारी, धूळ काढणारी आणि धार वाढवणारी सर्व साधने बंद ठेवली. (निगेटिव्ह हाती असेल तर तीच स्कॅन करावी. तारीख तिच्यावरही असतेच. पण कागदावर पांढरा पडलेला भाग निगेटिव्हमध्ये पुष्कळदा वाचता येतो. आमच्या निगेटिव्ह ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या.)

७/ गिम्प या मोफत प्रणालीत Colors > Components > Decompose येथून प्रतिमेचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे थर केले. लाल थरात आकडे पांढरेशुभ्र होते आणि त्यांच्याभोवती धूसर वलय होते. हिरव्यात फक्त रेघांचा गाभा उजळ होता. निळा थर उघडला आणि मी खुर्चीत सरसावून बसले. तारीख जवळपास नव्हतीच. चारच्या आकड्याच्या तिरप्या रेघेखाली एक वळलेली रेघ होती आणि तिच्याखाली एक बसके डोके. माझ्या ब्रशने काढलेले शिंग त्याच्या डावीकडे, भलत्याच जागी होते.

८/ आता निळ्या थरावरून लाल आणि हिरवा थर पुन्हा घडवायचे. हे शक्य होते, कारण बेसाल्टचा दगड करडा आहे. करड्या वस्तूत तिन्ही रंग एकत्रच चढतात आणि उतरतात. फरक राहतो तो पातळीचा आणि चढउताराच्या प्रमाणाचा. म्हणून तारखेशेजारचा स्वच्छ दगड निवडून हिस्टोग्राममध्ये प्रत्येक थराची सरासरी आणि प्रमाण विचलन पाहिले. ० ते २५५ या मापावर निळ्याची सरासरी १०४ व विचलन २० होते; लालची १२६ व २२; हिरव्याची ११७ व २१. सूत्र सोपे आहे:

```
R = 126 + (B - 104) * 22/20
G = 117 + (B - 104) * 21/20
```

९/ हेच सूत्र Levels मध्ये बसवता येते. निळ्या थराची प्रत लाल थरावर ठेवली, Input ची पांढरी मर्यादा २२१ आणि Output ची खालची मर्यादा १२ केली. पडताळा पाहा: निळा १०४ असेल तर लाल सुमारे १२६ येतो. हिरव्यासाठी हेच आकडे २३५ आणि ८. मग मास्क लावून ही प्रत फक्त आकड्यांपुरती उघडी ठेवली. मास्क लाल थरातील उजळ रेघांवरून घेतला, वलय आत यावे म्हणून पाच पिक्सेल वाढवला आणि कडा दोन पिक्सेल मऊ केल्या. हिरव्या थरात मास्क रेघांच्या गाभ्यापुरताच ठेवला. जिथे मूळ नोंद शाबूत आहे तिथे हात लावण्याचे कारण नाही. शेवटी Recompose करून तिन्ही थर पुन्हा एक केले.

१०/ एक बारीक खूण राहिली. निळ्या थरातही आकड्यांच्या रेघा आजूबाजूपेक्षा सरासरी ६ अंशांनी गडद होत्या. हा दगडातील खोलगट भाग आहे की तारखेचे भूत? कसोटी आकाराची. गडदपणाची सीमा आकड्याच्या सीमेशी तंतोतंत जुळत असेल, तर ते भूत. इथे जुळत होती. म्हणून त्या मास्कमध्ये निळा तेवढाच वर उचलला आणि मगच आधीची पायरी पुन्हा केली. शिंगाची रेघ मात्र आकड्याची सीमा ओलांडून दोन्ही बाजूंना पुढे जात होती. ती तारखेची नव्हती.

११/ तरीही बाईंचा प्रश्न मनात होता. म्हणून उलट परीक्षा घेतली. तोच आकड्यांचा मास्क सरकवून शेजारच्या स्वच्छ दगडावर ठेवला, तिथेही निळ्यावरून लाल घडवला आणि तो मूळ लालशी Difference मोडमध्ये ताडून पाहिला. फरक बहुतेक ठिकाणी पाच-सहा अंशांचा निघाला. शिंगाची रेघ भोवतालापेक्षा तीसेक अंशांनी उजळ होती, म्हणजे चुकीच्या मर्यादेपलीकडची. हा प्रयोग केल्यावाचून मी ते शिंग प्रबंधात घेतले नसते.

१२/ आता अपयश सांगते. शेवटच्या सात या आकड्याचा खालचा भाग दगडाला लावलेल्या शेंदरावर पडला होता. शेंदूर मुळातच लालभडक आणि निळ्यात जवळजवळ काळा. दगडाचे सूत्र तिथे लावताच शेंदूर करडा झाला! त्या वीराची पूजा होत होती, याचा पुरावा माझ्याच हातून पुसला जात होता. शेंदराची वेगळी मापे घेऊन पाहिली; पण निळ्या थरात तिथे फिल्मच्या कणांखेरीज काही उरले नव्हते. साक्षीदारच मुका असेल, तर त्याच्या नावाने जबानी लिहू नये. तेवढा तुकडा मी नारिंगीच ठेवला.

१३/ पुसलेली तारीख पुढे कोणाला ओळखता येईल का? येईल. तिन्ही रंग एकाच थरातून आल्यामुळे त्या जागी फिल्मच्या कणांची रंगीत चमक नाही. मोठे करून पाहिले की चारची आकृती एकसुरी करडेपणातून जाणवते. ती झाकण्यासाठी कृत्रिम कण घालता आले असते. मी घातले नाहीत.

१४/ तारीख हीसुद्धा नोंद आहे, हे विसरून चालत नाही. हीच तारीख सांगते की तोवर दगडाला तैलरंग लागला नव्हता. तिच्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवता येत नाही, कारण सेल बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावले नाही, तर कॅमेरा निर्धास्तपणे चुकीचा दिवस छापत राही. म्हणून मूळ स्कॅन अस्पर्श ठेवला, शिक्क्यातील तारीख जशीच्या तशी टिपली, आणि दुरुस्त प्रतीसोबत मास्कची फाईल व वापरलेली मापेही ठेवली. कोणीही ते पुन्हा करून पाहू शकेल.

१५/ दोन्ही प्रती बाईंपुढे ठेवल्या. त्यांनी दुरुस्त प्रत बाजूला सारून आधी एकटा निळा थर पाहिला, मग मास्क, मग शेंदरावरचा उरलेला नारिंगी ठिपका. म्हणाल्या, "हा ठिपका ठेवलास, म्हणून बाकीचे मानते." प्रबंधात आता वाक्य असे आहे: वीराच्या मागे किमान एक शिंगे असलेले जनावर आहे, दुसऱ्याविषयी छायाचित्रावरून सांगता येत नाही. मामाला मात्र मी तारीख असलेलीच प्रत फ्रेम करून दिली. त्याला तीच हवी होती.