मैदानावर परतण्याचा दाखला

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की पेठापेठांतील तालमींच्या संघांचे जे खेळाडू माझ्या दवाखान्यात येतात, त्यांत मांडीच्या मागील बाजूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या, दुखापतीने आलेल्यांचा भरणा मोठा असतो. आणि यात कोल्हापूर काही निराळे नाही, कारण युरोपातील अग्रगण्य क्लबांतील दुखापतींची जी नोंद २००१ पासून सातत्याने ठेवली जात आहे, तिच्यातही या दुखापतीचे प्रमाण दोन दशकांत एकूण दुखापतींच्या १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलेले दिसते. त्याच नोंदीतील दुसरी एक बाब मला अधिक चिंतनीय वाटते. अशा दुखापतींपैकी सुमारे १८ टक्के ही जुन्याच जखमेची पुनरावृत्ती असते, आणि त्या पुनरावृत्तींपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक, खेळाडू मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत घडतात. जखम भरली असे मानून ज्यांना खेळण्याची परवानगी दिली गेली, त्यांची ती खरोखर भरली होती काय, हा प्रश्न यातून उभा राहतो. आणि त्याचे उत्तर दिनदर्शिकेत सापडत नाही, तसेच वेदना थांबली या एका लक्षणातही सापडत नाही, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे.

या स्नायूंची घडण ध्यानात घेतली, तर असे का होते ते स्पष्ट होते. बसताना ज्या हाडावर आपला भार पडतो त्या हाडापासून निघून हे स्नायू गुडघ्याखाली, पायाच्या दोन्ही अंगांना जाऊन मिळतात. म्हणजे नितंबाचा सांधा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून त्यांचा मार्ग जातो. भरधाव धावताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच भूमीला टेकण्याच्या क्षणभर आधी, नितंबात पाय वर उचललेला व गुडघा सरळ होत आलेला असताना, हा स्नायू आपल्या कमाल लांबीला पोहोचलेला असतो. आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे झेपावणारी पिंढरी आवरून धरण्याचे काम त्याला करावे लागते. लांबत असतानाच बळ लावण्याचे हे कार्य आहे, आणि वेगाने धावताना होणारी जखम बहुधा येथेच, विशेषतः बाहेरच्या अंगाच्या बायसेप्स फिमोरिस या स्नायूच्या लांब शिरात, मांस व कंडरा यांच्या संधिरेषेवर होते. कमाल वेगाच्या ऐंशी टक्क्यांवरून पूर्ण वेगावर जाताना वेग सव्वापटच होतो, परंतु या स्नायूला करावे लागणारे आवरण्याचे काम त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात चढते. म्हणून ज्याने केवळ ऐंशी टक्के वेगाने धावून दाखविले, त्याने आपल्या जखमेची परीक्षा अद्याप दिलेलीच नसते.

ज्याच्या टिपणांवरून हे विवेचन करीत आहे, तो बावीस वर्षांचा, डाव्या बगलेवरून खेळणारा आघाडीचा खेळाडू. उत्तरार्धात पुढे आलेल्या पासमागे धावताना उजव्या मांडीत मागून काही टोचल्यासारखी तीव्र कळ आली, तो मांडी धरून थांबला, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत माझ्याकडे आला. पाठीवर झोपवून सरळ पाय वर उचलला असता निरोगी पाय ८० अंशांपर्यंत, तर दुखरा ४५ अंशांपर्यंत जाई. पालथे झोपवून, गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत हातातील बलमापकाने मोजलेले बळ निरोगी बाजूच्या ५५ टक्के भरले. हाडालगत पोकळी जाणवणे, मांडीभर काळानिळा डाग पसरणे, किंवा पावलापर्यंत मुंग्या येणे यांपैकी काही असते, तर कंडरा हाडापासून सुटली असावी या शंकेने त्याला शल्यचिकित्सकाकडेच पाठवावे लागले असते, आणि पुढील योजना त्याला लागू पडली नसती. सुदैवाने एमआरआयच्या चित्रात संधिरेषेवरील मध्यम प्रतीची फाट दिसली व आतील कंडरा अखंड आढळली. घरच्यांनी तेल लावून रगडण्याची आणि गरम शेक देण्याची तयारी केली होती, ती मी तत्काळ थांबविली, कारण पहिल्या दिवसांत मर्दनाने व उष्णतेने आतील रक्तस्राव वाढतो.

तालमीच्या ज्येष्ठांनी पहिल्याच भेटीत विचारले, "डॉक्टरसाहेब, अंतिम सामन्याला खेळंल का न्हाई, तेवढं सांगा." अंतिम सामना दुखापतीपासून एकतिसाव्या दिवशी होता. मी तारीख दिली नाही. चार ते सहा आठवड्यांचा अंदाज सांगितला, आणि मुदतीऐवजी पायऱ्या लिहून दिल्या. प्रत्येक पायरीच्या शेवटी एक कसोटी, आणि ती उतरल्याखेरीज पुढची पायरी नाही, असा तो करार होता.

पहिली पायरी चार-पाच दिवसांची. दाब देणारी पट्टी, थंड शेक, आणि सोसेल तितके चालणे. परंतु पूर्ण विश्रांती नव्हे. डेन्मार्कमधील हौशी खेळाडूंवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मांडी व पोटरीच्या स्नायूंना इजा झाल्यावर ज्यांचे व्यायाम दोन दिवसांनी सुरू झाले ते, नऊ दिवस थांबलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळात परतले. आणि पुनरावृत्तीचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. म्हणून तिसऱ्या दिवसापासून, गुडघा वाकवून टाच जमिनीत रोवून ठेवण्याचा, सांधा न हलविता बळ लावण्याचा व्यायाम सुरू केला. वेदनेला दहापैकी गुण द्यावयास त्याला शिकविले, आणि तीनपर्यंतची वेदना क्षम्य मानली. पाय न लंगडता चालू लागला, तेव्हा ही पायरी संपली.

दुसऱ्या पायरीत पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर व मग एका पायावर. आणि आठव्या दिवसापासून संथ धावणे. येथे दुसरा नियम लागू केला, जो पुढे शेवटपर्यंत टिकला: आजच्या व्यायामाचा निकाल आज नव्हे, उद्या सकाळी लागतो. अंथरुणातून उठताच सरळ पाय वर उचलून पाहावा, आणि कालच्याहून ताठरपणा अधिक वाटला, तर कालचा भार पुन्हा द्यावा, वाढवू नये. वेदना व्यायामाच्या ऐन वेळी पुष्कळदा गप्प राहते, परंतु रात्रभराच्या विश्रांतीनंतर ऊतींची तक्रार लपत नाही.

तिसरी पायरी सर्वांत दीर्घ, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक होय. स्नायू जेथे फाटला तेथे व्रणाची ऊती तयार होते, आणि मज्जासंस्था त्या भागाला, विशेषतः तो लांबलेला असताना, पूर्ण बळ लावण्याची मुभा देत नाही. परिणामी आखूड स्थितीत सशक्त भासणारा स्नायू ताणलेल्या स्थितीत दुर्बलच राहतो. स्वीडनमधील कार्ल आस्कलिंग यांनी २०१३ मध्ये असे दाखविले, की स्नायू लांबत असताना भार देणारे व्यायाम ज्या फुटबॉलपटूंना दिले ते सरासरी २८ दिवसांत, तर रूढ व्यायाम करणारे ५१ दिवसांत संघासोबत पूर्ण सराव करू लागले. आमच्या खेळाडूने एका पायावर उभे राहून कमरेतून पुढे झुकणे, तसेच पुढचा पाय स्थिर ठेवून मागचा पाय हळूहळू मागे सरकवीत नेणे, हे व्यायाम दर तिसऱ्या दिवशी, सहाच्या तीन फेऱ्या अशा बेताने केले. पुढे त्यांत गुडघ्यांवर उभे राहून, सोबत्याने घोटे दाबून धरलेले असता, शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे पडत जाण्याचा नॉर्डिक व्यायाम मिळविला. तो आधी करविला असता, तर कोवळ्या व्रणावर त्याचा भार अनाठायी पडला असता.

धावणे त्यासोबत वाढत गेले. साठ मीटरचे अंतर तीन समान भागांत वाटले: पहिल्या वीस मीटरांत वेग घेणे, मधल्या वीसांत तो टिकविणे, शेवटच्या वीसांत उतरविणे. पन्नास टक्क्यांपासून आरंभ करून, सकाळचा निकाल निर्दोष असेल तरच पाच ते दहा टक्क्यांनी वाढ केली. टक्के कशाचे, हा प्रश्न मात्र येथे अडतो. मोठ्या क्लबांत प्रत्येक खेळाडूचा कमाल वेग उपग्रहयंत्राने आधीच मोजलेला असतो, तालमीच्या दप्तरी अशी नोंद नसते. म्हणून मधल्या वीस मीटरांचे मोबाइलवर संथगती चित्रण करून काळ मोजला. वीस मीटर २.४ सेकंदांत म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याचा काळ सत्रागणिक उतरत २.५ सेकंदांवर आला आणि पुढील दोन सत्रांत तेथेच स्थिरावला, तेव्हा हा त्याचा पूर्ण वेग होय असे मी मानले. हाताने दाबायच्या घड्याळावर या कामी विसंबू नये. त्याची चूकच एकदोन दशांश सेकंदांची असते.

अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत चेंडूसह वळणे, लांब पल्ल्याची किक व पूर्ण वेगाची धाव या सर्व बाबी वेदनेवाचून झाल्या होत्या. पाय दोन्ही बाजूंनी सारखा वर जाई, बळ ९४ टक्के भरले होते. एकोणतिसाव्या दिवशी आस्कलिंग यांची शेवटची चाचणी घेतली. पाठीवर झोपलेल्या खेळाडूचा निरोगी पाय व धड बांधून, दुखावलेल्या पायाचा गुडघा पट्ट्याने सरळ राखून, तो पाय शक्य तितक्या वेगाने तीन वेळा वर फेकावयास सांगतात. पाय पुरेसा वर गेला. परंतु वेग दबलेला होता. तो म्हणाला, "डॉक्टर, दुखत न्हाई, पर पाय सोडायला भ्या वाटतंय."

हे भय मनाचा दुबळेपणा नव्हे. सर्व अन्य तपासण्या निर्वेध असताना या चाचणीत वाटणारी असुरक्षितता हे अपूर्ण बरे होण्याचे चिन्ह मानावे आणि ती नाहीशी होईतो लांबलेल्या स्थितीतील व्यायाम चालू ठेवावेत, हाच या चाचणीचा आशय आहे. एमआरआय येथे निवाडा करू शकत नाही. यशस्वीपणे परतलेल्या बहुतेक खेळाडूंच्या चित्रांतही जखमेची खूण शिल्लक असते. मी अंतिम सामन्यासाठी दाखला नाकारला, आणि कारण तालमीच्या ज्येष्ठांसमोर त्या मुलाच्या शब्दांसह मांडले. नाराजी झाली, ती समजण्याजोगी होती, कारण पेठेने वर्षभर त्या एका दिवसाची वाट पाहिलेली असते. तेहतिसाव्या दिवशी तीच चाचणी त्याने निःशंकपणे पार पाडली.

परंतु चाचणी उतरणे म्हणजे नव्वद मिनिटे खेळणे नव्हे. पुढचा एक आठवडा त्याने संघासोबत पूर्ण सराव केला, आणि एकेचाळिसाव्या दिवशी हंगामातील पुढील स्पर्धेत शेवटच्या पंचवीस मिनिटांसाठी उतरला. पुढील सामन्यात अर्धा वेळ, त्यानंतर पूर्ण. थकलेल्या स्नायूची आवरण्याची शक्ती घटते, म्हणून वेळ वाढविणे हीदेखील एक पायरीच मानली पाहिजे. पुनरावृत्तीचा धोका ज्या दोन महिन्यांत अधिक, ते याच टप्प्यावर सुरू होतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस जवळजवळ पूर्ण वेगाच्या काही धावा आणि नॉर्डिक व्यायाम हंगाम संपेपर्यंत त्याच्या योजनेत बंधनकारक राहिले. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत अशा दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, हे अनेक अभ्यासांतून प्रस्थापित झाले आहे. त्याला ना यंत्र लागते ना पैसा. घोटे धरणारा एक सोबती पुरतो. म्हणून त्या खेळाडूच्या दाखल्यासोबत मी तालमीला एक शिफारसही लिहून दिली: हा व्यायाम त्याच्या एकट्याचा न राहता सर्व संघाचा व्हावा, आणि पुढील हंगामाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूचा वीस मीटरचा काळ मोजून दप्तरी नोंदवावा, म्हणजे पुढच्या जखमी खेळाडूचे शंभर टक्के कोणते, हे आम्हाला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.