महोदय, वरील विषयास अनुसरून

शाळेच्या कार्यालयात अर्जांची फाईल असते. ती चाळली तर एखादा अर्ज हमखास सापडतो, ज्यात चाळिशीतले गृहस्थ लिहितात, ‘मी आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे.’ खाली सही मात्र बापाचीच, झोकदार, दोन ठिपके आणि एक फराटा मारलेली. यात त्यांचा फारसा दोष नाही. मराठी शाळेत अर्ज लिहायला शिकवला जातो तो विद्यार्थ्याच्या तोंडून. ‘मी आपल्या शाळेतील इयत्ता सातवीचा विद्यार्थी’ ही ओळ एकदा घोटली की ती जन्मभर हाताशी राहते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी मुलासाठी अर्ज लिहायची वेळ येते तेव्हा पेन आपसूक तिकडेच वळते. पालकाने अर्ज कसा लिहावा हे मात्र कुणी शिकवलेले नसते.

म्हणून पालकाच्या अर्जाची खरी कसोटी पहिल्या चार-पाच ओळींतच लागते. कोण लिहितो आहे, कुणाला, कुणाबद्दल आणि कोणत्या तारखांबद्दल, एवढे तिथे कळले की वर्गशिक्षकाचे काम भागते. पुढचा मजकूर बहुतेक वेळा कुणी वाचतही नाही.

सुरुवात ‘प्रति’पासून होते. त्याखाली ‘मा. मुख्याध्यापक’. कनिष्ठ महाविद्यालयात ते ‘मा. प्राचार्य’ होतात. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तर मराठी अर्जातही ‘मा. प्रिन्सिपल’ असे बिनदिक्कत लिहिले जाते, आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. वर ‘मुख्याध्यापिका’ लिहून खाली ‘महोदय’ लिहिणारे पालक प्रत्येक शाळेत असतात. शाळेच्या प्रमुखपदी बाई आहेत, त्यांना मुले रोज ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, प्रवेशाच्या वेळी पालक स्वतः त्यांच्यासमोर बसून आलेले असतात. पण कागदावर त्या एका काना-मात्रेच्या फरकाने ‘महोदय’ होऊन जातात. जुना नमुना समोर ठेवून उतरवला की असे होते. बाईंना याची सवय झालेली असते, पण ‘महोदया’ लिहिलेला अर्ज त्या किंचित लक्ष देऊन वाचतात, हेही खरे.

एकेकाळी या जागी ‘मेहेरबान हेडमास्तरसाहेब यांचे सेवेशी’ असा मजकूर येई आणि त्याच्या पाठोपाठ ‘विनंती अर्ज ऐसा जे’. घरगुती पत्रांतले मायने वेगळे होते. वडीलधाऱ्यांना ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’, धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. मायना वाचूनच दोघांचे नाते आणि वयातले अंतर समजत असे. अर्जाला हे नाते नको असते. तरी काही पालक आजही ‘महोदय’च्या शेजारी ‘स. न. वि. वि.’ घालून देतात. पत्र आणि अर्ज यांची ही भेसळ निरुपद्रवी आहे. शिक्षक हसतात आणि पुढे जातात.

मग येतो विषय. ‘रजा मिळणेबाबत.’ बोलताना कुणीही ‘मिळणेबाबत’ म्हणत नाही, ‘मिळण्याबाबत’च म्हणतो, पण कचेरीच्या कागदांनी हे रूप इतके रुळवले आहे की ते नसले तर अर्ज कच्चा वाटतो. विषयाच्या ओळीत तारीख घालायची सोय असते, ती मात्र फार थोडे वापरतात. त्यानंतर लगेच ‘वरील विषयास अनुसरून आपणास सविनय विनंती अर्ज करतो की’. विषय नुकताच वर लिहिला आहे, आपण विनंती करतो आहोत हे उघड आहे, हा अर्ज आहे हेही उघड आहे. अख्खी ओळ खर्ची पडली आणि वाचणाऱ्याला नवे काहीच कळले नाही. लिहिणाऱ्याला मात्र तिचा आधार वाटतो. कागदासमोर बिचकून बसलेल्या माणसाचे पेन या ओळीने चालू होते, तेव्हा तिला अगदीच हाकलून देऊ नये. फक्त तिच्या नादात मुलाचे नाव राहून जाता कामा नये.

एक अर्ज उदाहरणादाखल घेऊ. मुलगी सहावी ‘ब’मध्ये आहे, नाव सायली. मावशीचे लग्न सोलापूरला, गुरुवारी, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी. घर चिपळूणला. रिक्षा चालवणारे वडील निघण्याच्या आदल्या रात्री स्टँडवर बसून लिहितात : ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आमच्या घरी लग्नकार्य असल्यामुळे माझ्या पाल्यास दि. १२ ते १४ अशी दोन दिवस रजा मिळावी ही नम्र विनंती.’

वाचायला ठीक वाटते. पण वर्गशिक्षिका हजेरीपट उघडून बसतात तेव्हा अडचणी सुरू होतात. बारा, तेरा, चौदा हे दिवस तीन होतात, दोन नव्हे. वडिलांनी बाराला निघायचे आणि चौदाला परतायचे, मधले अंतर दोन, असा हिशेब केला असणार. महिना लिहिलेला नाही. ‘माझ्या पाल्यास’ म्हणजे कोण? सायलीचा धाकटा भाऊ त्याच शाळेत तिसरीला आहे, तोही जाणार का? नाव, इयत्ता, तुकडी खाली सहीजवळ असेल म्हणून शोधावे तर तिथे फक्त ‘आपला विश्वासू’ आणि वाचता न येणारी सही. शिवाय लग्न ‘आमच्या घरी’ नाही, सोलापूरला आहे. चिपळूणहून घाट चढून इतक्या लांबचा प्रवास म्हटल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते, जी अर्जात नाही : शुक्रवारी रात्री उशिरा घरी पोचलेली मुलगी शनिवारच्या सकाळच्या शाळेला येणे कठीण. म्हणजे रजा प्रत्यक्षात चार दिवसांची होणार.

हाच मजकूर पुन्हा लिहायचा तर तो असा होईल : ‘महोदया, माझी मुलगी कु. सायली, इयत्ता सहावी ब, हजेरी क्रमांक २३, हिला बुधवार दि. १२ ते शनिवार दि. १५ फेब्रुवारी २०२५ असे चार दिवस शाळेत येता येणार नाही. तिच्या मावशीचे लग्न गुरुवारी सोलापूरला आहे. सोमवार दि. १७ रोजी ती शाळेत हजर राहील.’ तारखेबरोबर वार लिहिला की चूक लपत नाही, कारण दोन्ही जुळले नाहीत तर लगेच दिसते. परतीचा दिवस लिहिल्याने मोजणीचा प्रश्नच मिटतो. मुख्याध्यापिकांच्या नावाखाली ‘मार्फत : वर्गशिक्षिका, सहावी ब’ एवढे घातले तर कागद योग्य टेबलावर जातो, कारण अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे असला तरी तो वाचणारा आणि जपून ठेवणारा माणूस वर्गशिक्षकच असतो. धाकट्यासाठी वेगळा अर्ज. एकाच कागदावर दोन मुले घातली की तो एका वर्गाच्या फाईलला लागतो आणि दुसऱ्या वर्गात मूल विनाअर्ज गैरहजर ठरते.

मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे तसेच लिहावे, घरचे ‘पिंट्या’ नको, हे सांगायला नको. या नावातही पुढे बदल दिसणार आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी व शालेय कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला आहे. ती मुले शाळेत आली की अर्जाच्या पहिल्या वाक्यात आईचेही नाव येईल. आज अर्ज लिहिते बहुतेक वेळा आई, आणि नाव व सही असते वडिलांची.

आजारपणाचा अर्ज वेगळ्या जातीचा. लग्न आधी ठरलेले असते, ताप ठरलेला नसतो. म्हणून हा अर्ज मागाहून जातो आणि त्याची क्रियापदे भूतकाळात हवीत. ‘रजा मिळावी’ असे चार दिवस उलटून गेल्यावर लिहिण्यात अर्थ नाही. ‘गैरहजर होता, ती रजा मान्य करावी’ असे लिहावे. इथे कारणही पहिल्या वाक्यात नेमके हवे. ‘बरे नसल्यामुळे’ हे पोटदुखीला चालते, कांजिण्यांना चालत नाही. कांजिण्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी कळवायचे की नाही, हे शाळा त्या एका शब्दावरून ठरवते. अशा वेळी अर्जाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी फोन करावा.

उलट ‘काही घरगुती कारणास्तव’ या शब्दांमागे खरोखर खासगी गोष्टी असतात : घरातले भांडण, कोर्टाची तारीख, मुलीची पहिली पाळी. अनुभवी मुख्याध्यापक तिथे जास्त विचारत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. कारण झाकण्यासाठी आजीला आजारी पाडण्यापेक्षा हे शब्द कितीतरी प्रामाणिक.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र ही मोकळीक नाही. तिथे शाळा चालू असताना रजा द्यायची तर मुख्याध्यापकांना परिस्थिती अपवादात्मक आहे अशी खात्री पटावी लागते. विनापरवाना गैरहजेरी दहा शालेय आठवड्यांत पाच दिवसांवर गेली तर दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड आहे आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. धार्मिक सणाच्या दिवसाची नोंद वेगळी होते. त्यामुळे दिवाळीच्या दिवसासाठी लिहिताना पहिल्या ओळीत सणाचे नाव आणि तारीख असावी लागते. ‘भारतात जाऊन यायचे आहे’ अशी सुरुवात केली की ती सहल ठरते, मग तिथे पोचून घरी गणपती बसणार असला तरी.

आणि बीडकडच्या गावांत असेही पालक आहेत, ज्यांची मुले सर्वांत लांब रजेवर जातात आणि ज्यांचा अर्ज कधीच येत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात उभा असतो. ‘महोदय’ लिहायला कुणी बसत नाही, आणि बसले तरी परतीची तारीख मुकादमाला आणि कारखान्याला माहीत, बापाला नव्हे. सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलेले मूल महाराष्ट्रात शाळाबाह्य धरले जाते. अशा मुलासाठी कागद करतो तो शिक्षकच : तो शिक्षण हमी कार्डावर मुलाची इयत्ता आणि अभ्यास लिहून देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता यावे. आईबापांनी निघण्याआधी ते कार्ड मागून घ्यावे, आणि मागितले नाही तरी शिक्षकांनी ट्रॅक्टर हलण्यापूर्वी ते त्यांच्या हाती द्यावे.